बारा वर्षांची अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांनी बंद केली. बरोबर की घाई?

निशिगंध

सासरे ६७ वर्षांचे. मधुमेह पंधरा वर्षांपासून, बीपीची एक गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन. सिगरेट कधीच नाही. हार्ट अटॅक, पक्षाघात, अँजिओप्लास्टी यांतलं आजवर काहीही झालेलं नाही. तरी बारा वर्षांपूर्वी तेव्हाच्या डॉक्टरांनी "मधुमेह आहे, पन्नाशी उलटलीय, हृदयाला राखण म्हणून घ्या" असं सांगून ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन सुरू केली. तेव्हापासून एक दिवस चुकलेली नाही.

मागच्या महिन्यात डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी कागद चाळले, चार प्रश्न विचारले आणि सरळ अ‍ॅस्पिरिनवर काट मारली. बाबांना ते चांगलंच लागलंय. "मग बारा वर्षं मी काय खडूची गोळी खात होतो?" असं दिवसातून दोनदा ऐकतेय.

मला दोनच गोष्टी समजून घ्यायच्यात. आधीच्या डॉक्टरांचं चुकलं होतं का? आणि इतक्या वर्षांची गोळी अशी थांबवली तर उलटून काही होणार नाही ना?

कासवगती

माझं मत विचाराल तर बंद करू नका. मधुमेह असलेल्या माणसाला हृदयविकार आहे असंच धरून चालायचं असतं, हे मला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलंय. वयानुसार रक्त घट्ट होत जातं, अ‍ॅस्पिरिन ते पातळ ठेवते. पोटाची काळजी वाटत असेल तर कोटिंगवाली गोळी मिळते, ती पोटात विरघळतच नाही, पुढे आतड्यात जाऊन विरघळते. मी स्वतः नऊ वर्षं घेतोय, ठणठणीत आहे.

ओपीडीबाहेर

मी फिजिशियन आहे. ही गोळी मी शेकडो लोकांना लिहून दिली आणि गेल्या सहा-सात वर्षांत त्यातल्या बऱ्याच जणांची बंदही केली, त्यामुळे तुमच्या सासऱ्यांचा राग मला तोंडपाठ आहे.

आधी कासवगतींचं. मधुमेह म्हणजे हृदयविकारच, हे वाक्य एके काळी आम्हालाही शिकवलं जायचं, त्यामुळे सांगणारे डॉक्टर खोटं बोलले नाहीत. पण सरसकट सगळ्या मधुमेहींना ते लागू पडत नाही. रक्त 'पातळ' होणं हीसुद्धा नुसती बोलायची पद्धत आहे, रक्ताच्या घट्टपणात काही फरक पडत नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायला एक रसायन सोडतात, ते बनवणारी यंत्रणा अ‍ॅस्पिरिन कायमची निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती यंत्रणा तिला पुन्हा उभारता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तशीच लंगडी राहते. एवढीशी गोळी पुरते ती यामुळेच.

आता कोटिंग. जठराचं अस्तर स्वतःला आम्लापासून वाचवायला जे पदार्थ बनवतं, तेही त्याच यंत्रणेतून येतात. अ‍ॅस्पिरिन रक्तात उतरली की रक्तामार्फत जठरापर्यंत पोचतेच. गोळी कुठे विरघळली याने जळजळ थोडी कमी होईल, रक्तस्रावाचा धोका मात्र कमी होत असल्याचं दिसलेलं नाही. कोटिंगवर विसंबून निर्धास्त राहिलेले पेशंट मी रक्त चढवताना पाहिलेत.

निशिगंध, आधीच्या डॉक्टरांचं चुकलं नव्हतं. त्यांच्या हातात जो पुरावा होता त्याला धरूनच त्यांनी गोळी दिली. तो पुरावाच पुढे बदलला. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

सडेतोड

पुरावा बदलला की बदलवला? अ‍ॅस्पिरिनवर कुणाचं पेटंट नाही, कुणाला त्यात पैसा नाही. स्वस्त औषध बदनाम करायचं आणि महागडं माथी मारायचं, हा खेळ जुना आहे.

ओपीडीबाहेर

सडेतोड, शंका एरवी रास्त असते, इथे नेमकी उलटी बसते. २०१८ साली एका वर्षात तीन मोठे अभ्यास आले: अराइव्ह, असेंड आणि अ‍ॅस्प्री. त्यातल्या अराइव्हचा खर्च बायरने केला होता, म्हणजे अ‍ॅस्पिरिन जगात आणणाऱ्या कंपनीनेच. गोळीचा उपयोग दिसला असता तर सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला असता. दिसला नाही, आणि तसंच छापलं गेलं.

आता मूळ गोष्ट. अमेरिकेत १९८०च्या दशकात बावीस हजार पुरुष डॉक्टरांवरच एक अभ्यास झाला. निम्म्यांना एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाचेक वर्षांत खोट्या गोळीच्या गटात २३९ हार्ट अटॅक आले, अ‍ॅस्पिरिनच्या गटात १३९. फरक इतका ठळक की अभ्यासाचा तो भाग मुदतीआधीच थांबवला. ४४ टक्के घट! हा आकडा आमच्या पिढीच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र त्यातही कमी झाले नव्हते, ही ओळ वाचून सगळे पुढे गेले.

तो काळ बघा. पहिलं स्टॅटिन अमेरिकेत मंजूर झालं १९८७ मध्ये, म्हणजे हा अभ्यास जवळपास संपत आल्यावर. बीपी आजच्यासारखं काटेकोर खाली आणत नसत. लोक सिगरेटही जास्त ओढत. रक्तवाहिनीतला चरबीचा थर फुटायचा, त्यावर प्लेटलेट गोळा होऊन गुठळी व्हायची, आणि अ‍ॅस्पिरिन ती शेवटची पायरी अडवायची. आज स्टॅटिन आणि बीपीची गोळी मिळून तो थर मुळात फुटायचंच प्रमाण कमी करतात. अ‍ॅस्पिरिन आजही तेच काम करते, पण तिच्या वाट्याला काम कमी उरलंय. अराइव्हमध्ये हेच घडलं. बऱ्यापैकी जोखमीची माणसं निवडतोय असं समजून लोक घेतले, आणि प्रत्यक्षात अंदाजापेक्षा फारच कमी जणांना काही झालं.

दुसरी बाजू मात्र जागची हलली नाही. स्टॅटिनने जठरातला रक्तस्राव कमी होत नाही. वय वाढेल तसा तो वाढतच जातो.

त्रैराशिक

मला टक्केवारीपेक्षा माणसं मोजलेली कळतात, म्हणून असेंडचे आकडे उलगडून बघितले. हा अभ्यास निशिगंध यांच्या सासऱ्यांना अगदी जवळचा आहे: १५,४८० मधुमेही, कुणालाही आधी हृदयविकार नाही, रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा खोटी गोळी, सरासरी ७.४ वर्षं.

अशी १००० माणसं धरा. खोटी गोळी घेणाऱ्यांत ९६ जणांना अटॅक, पक्षाघात किंवा तसलं काही झालं. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ८५. म्हणजे ११ जण वाचले. मोठा रक्तस्राव खोट्या गोळीवर ३२ जणांना, अ‍ॅस्पिरिनवर ४१. म्हणजे ९ जणांना जास्तीचा झाला.

उरलेल्या ९८० जणांनी सात वर्षं गोळी घेतली आणि त्यांच्या बाबतीत काहीच बदललं नाही.

पण मला एक खटकतं. ११ विरुद्ध ९ ही बरोबरी कशी? अटॅकने माणूस जातो. पोटातला रक्तस्राव दवाखान्यात थांबवता येतो. माझ्या मते अजूनही पारडं अ‍ॅस्पिरिनकडे झुकतं.

ओपीडीबाहेर

हा प्रश्न हवाच होता. तुमच्या त्या ११ मध्ये सगळे अटॅक नाहीत. काही तासांत ओसरणारा तात्पुरता पक्षाघातही त्यात मोजलाय. आणि मृत्यू वेगळे मोजले तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे 'एकीकडे जीव, दुसरीकडे नुसता दवाखाना' असं ते नाही. उलट रक्तस्राव मेंदूत झाला तर तो दवाखान्यात थांबवता येईलच असं नाही.

तरीही तुमचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. एखाद्याला अटॅकची जास्त धास्ती असते, एखाद्याला रक्त चढवायची. ११ आणि ९ इतके जवळ आले की निवड पेशंटच्या मनावर जाते. पण हे सरासरी माणसाचं गणित आहे. माणूस सत्तरीकडे झुकला, आधी अल्सर होऊन गेला असेल, गुडघ्यांसाठी वेदनाशामक चालू असेल, किडनी थकली असेल, तर ९ चे बघता बघता बरेच होतात. ११ चे मात्र तेवढ्या वेगाने वाढत नाहीत.

सत्तरीपुढचं तर अ‍ॅस्प्रीने जवळपास मिटवलंच. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ धडधाकट ज्येष्ठ, बहुतेक सगळे सत्तरीचे किंवा त्यापुढचे. अ‍ॅस्पिरिनने त्यांची निरोगी वर्षं वाढली नाहीत, हृदयविकारात लक्षणीय फरक नाही, मोठे रक्तस्राव वाढले. वर मृत्यूही किंचित जास्त निघाले, आणि ते मुख्यतः कर्करोगाचे. हे का झालं ते आजही नीट उलगडलेलं नाही. अ‍ॅस्पिरिन आतड्याच्या कर्करोगापासून वाचवते असं आम्ही तोवर ऐकत आलो होतो.

वाटसरू६१

हा धागा वाचून डोळे उघडले. मला दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन चालू आहे. पोटाला त्रास होतोच. परवापासून बंद केली. इतकी वर्षं कुणी हे सांगितलंच नाही. धन्यवाद सगळ्यांना.

ओपीडीबाहेर

वाटसरू, थांबा. हा धागा तुमच्यासाठी नाही. इथली चर्चा ज्यांना कधीच काही झालेलं नाही त्यांची आहे. स्टेंट असलेल्या, अटॅक किंवा गुठळीमुळे पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांत अ‍ॅस्पिरिनचा फायदा आजही मोठा आहे, कारण त्यांची जोखीमच कितीतरी पट जास्त असते. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर अख्खी रक्तवाहिनी मिनिटांत बंद होऊ शकते.

आजच तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा, परवापासून गोळी घेतलेली नाही हे सांगा. पोटाचा त्रासही सांगा. त्यावर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देण्यासारखे उपाय असतात. छातीत दुखलं, दडपल्यासारखं झालं तर फोनच्या नादी न लागता थेट दवाखाना.

निशिगंध, जमलं तर मूळ लेखात पहिल्याच ओळीत हे ठळक लिहा.

निशिगंध

लिहिलं. वाटसरू, फोन केलात की इथे कळवा हो. जीव टांगणीला लागलाय.

वाटसरू६१

केला. आजपासून परत चालू. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

रानवाट

माझं उदाहरण उलट आहे म्हणून लिहितो. वय ५२. वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक. माझं कोलेस्टेरॉल जास्त, सिगरेट चार वर्षांपूर्वी सोडली. मधुमेह नाही. डॉक्टरांनी हृदयाचा कॅल्शियम स्कॅन करायला लावला, आकडा २४० आला. त्यांनी स्टॅटिनचा डोस वाढवला आणि म्हणाले, "अ‍ॅस्पिरिनचा विचार करू." मग अल्सर, मूळव्याधीतून रक्त, दारू, अंगदुखीच्या गोळ्या याबद्दल वीस मिनिटं खोदून विचारलं. काहीच निघालं नाही, तेव्हा ७५ मिलिग्रॅम सुरू केली. मग आता मीही बंद करायची की काय?

ओपीडीबाहेर

तुमच्या डॉक्टरांनी जे केलं तेच मीही केलं असतं. तुमच्यासारखी माणसंच आता या यादीत उरलीत.

अमेरिकेतल्या प्रतिबंधक उपचारांच्या सरकारी कार्यगटाने २०२२ मध्ये मत बदललं. साठीनंतर आजार टाळण्यासाठी म्हणून अ‍ॅस्पिरिन नव्याने सुरू करू नका. ४० ते ५९ वयात, पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघाताची शक्यता १० टक्के किंवा जास्त असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल, तर डॉक्टर आणि पेशंटने मिळून ठरवा. त्यातही निव्वळ फायदा थोडाच, असं त्यांनी मोकळेपणाने म्हटलंय. याच गटाने २०१६ मध्ये पन्नाशीतल्या जास्त जोखमीच्या लोकांना गोळी सुचवली होती, म्हणजे सहा वर्षांत केवढी कलाटणी.

कॅल्शियम स्कॅनचा फायदा असा की जोखीम तक्त्यावरून ताडायच्या ऐवजी रक्तवाहिनीत साठलेला चुना प्रत्यक्ष दिसतो. १०० च्या वर आकडा गेला आणि रक्तस्रावाचा धोका कमी असला तर फायदा तोट्यापेक्षा जास्त असावा, असं निरीक्षणांवरून मांडलेलं गणित सांगतं. शून्य आला तर गोळीने नुकसानच जास्त. पण स्कॅन बघून लोकांना गोळी आणि खोटी गोळी वाटून दिली, असा मोठा अभ्यास यामागे नाही, म्हणून मीही 'विचार करू' एवढंच म्हणतो. आणि स्टॅटिन नको, फक्त अ‍ॅस्पिरिन द्या म्हणणाऱ्याला मी ती देत नाही. पाया सोडून छपराला ठिगळ लावण्यासारखं होईल ते.

दर वर्षी तेच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा. तुमचं वय वाढणार आहे, कधीतरी पाठ दुखून तुम्ही वेदनाशामक घ्याल, आणि मग आजचं उत्तर चालेलच असं नाही.

चौकस

हृदयविकाराची जोखीम वाढवणाऱ्या लिपोप्रोटीन-ए या रक्तातल्या प्रथिनाबद्दल कुणी बोललं नाही. माझं खूप वाढलेलं आहे, आणि अशा लोकांना अ‍ॅस्पिरिनचा जास्त उपयोग होतो असं वाचलं. अ‍ॅस्प्रीच्याच माहितीतून तसं निघालंय म्हणे, म्हणजे ज्या अभ्यासाने गोळी बाद केली त्यातूनच!

ओपीडीबाहेर

बरोबर वाचलंत. हे प्रथिन वाढवणारा विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या लोकांत फायदा जास्त दिसला, आणि त्याआधी स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासातही तसाच धागा सापडला होता. पण दोन्ही ठिकाणी हे मागाहून, छोट्या उपगटात शोधलेलं आहे. शिवाय रक्तात प्रथिन जास्त असणं आणि तो जनुकीय बदल असणं हे एकच नव्हे. माझे एक सहकारी अशा पेशंटना गोळी देतात, मी सहसा देत नाही. आमचा वाद दोन वर्षं चालू आहे.

कासवगती

मग माझ्या नऊ वर्षांचं काय? मला काहीच झालं नाही हा पुरावा नाही का?

त्रैराशिक

तुम्ही त्या ९८० मधले असाल. मीही असेन. ते ११ कोण आणि ९ कोण, हे आधी कळलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

निशिगंध

माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. चालू गोळी थांबवल्यावर उलटण्याचा. आणि एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती, तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. नव्या डॉक्टरांनी विचारलेल्या चार प्रश्नांत एक होता: "गुडघ्यांसाठी काही घेता का?" बाबा दोन वर्षांपासून आठवड्यातून चार-पाच दिवस आयब्युप्रोफेन घेतात. कुणाला सांगितलंच नव्हतं, 'ती काय औषधात धरायची' म्हणून. हिमोग्लोबिन तीन वर्षांपूर्वी १३.६ होतं, आता ११.१. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही बरंच कमी आलंय. शौचाला काळं वगैरे कधीच दिसलं नाही म्हणतात.

ओपीडीबाहेर

मग तुमच्या डॉक्टरांनी काट का मारली ते मला कळलं.

रक्तस्राव म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी, चिकट शी येते. ती दिसली तर तासाभरात दवाखाना गाठायचा. पण बऱ्याचदा तो महिनोन्‌महिने थेंबाथेंबाने होतो. शीचा रंग बदलत नाही, माणूस नुसता दमतो, जिना चढताना धाप लागते आणि घरचे 'वय झालं' म्हणतात. अ‍ॅस्प्रीच्या पुढच्या पाहणीत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत रक्तक्षयाचं प्रमाण सुमारे वीस टक्के जास्त निघालं. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनसोबत घेतल्यावर जठराला दुहेरी मार. वर गंमत अशी की ते आधी घेतलं तर प्लेटलेटवरची अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसतं. म्हणजे तोटा वाढतो आणि फायदाही घटतो.

एक कळकळीने सांगतो. ६७ वर्षांच्या पुरुषात लोह कमी आलं की सगळं खापर गोळीवर फोडून मोकळं व्हायचं नाही. वरून आणि खालून, दोन्हीकडून दुर्बीण घालून तपासणी व्हायला हवी. आतड्यातली गाठही अशीच गुपचूप रक्त गाळते.

आता उलटण्याचं. गोळी थांबवली की आठ-दहा दिवसांत जुन्या प्लेटलेट जाऊन नव्या येतात आणि गोष्टी मूळपदावर येतात. स्वीडनमध्ये सहा लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळी सोडणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रसंग ३७ टक्के जास्त दिसले. त्यात आधी अटॅक आलेलेही होते. शिवाय माणूस गोळी कशामुळे सोडतो? कधी आजारी पडला म्हणून. त्यामुळे दोष सोडण्याचा की आजाराचा, हे त्यातून वेगळं काढणं अवघड. ज्याला काही झालेलं नाही, ज्याचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, जो पासष्टीचा आहे आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार घेतोय, त्याची काढायची की नाही यावर माझं आजही ठाम मत नाही. अमेरिकी गट पंच्याहत्तरीच्या आसपास थांबवण्याचा विचार करा म्हणतो. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मात्र मला विचार करावा लागला नसता.

निशिगंध

तीन आठवड्यांनी लिहितेय. दोन्ही तपासण्या झाल्या. आतडं स्वच्छ. जठरात बरेच बारीक व्रण आणि हेलिकोबॅक्टरचा जंतू. चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स संपत आलाय, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम दिलाय. व्यायामावरून रोज भांडण होतं.

डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून त्रैराशिक यांचं १००० माणसांचं गणित दाखवलं. मीच छापून नेलं होतं. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "जंतू गेला, व्रण भरले, मग परत चालू करता येईल का?"

ओपीडीबाहेर

हुशार प्रश्न आहे. जंतू घालवल्यावर अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ज्येष्ठांत अल्सरचा रक्तस्राव कमी होतो, असं ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात २०२२ साली दिसलं, पण तो फायदा पहिल्या अडीचेक वर्षांतच ठळक होता. ज्यांना गोळी घ्यावीच लागते त्यांच्यासाठी ही चांगली बातमी. सासऱ्यांना ती घ्यावीच लागत नाही. ६७ वय, व्रण होऊन गेलेले, गुडघे दुखरे. मी नाही देणार.

निशिगंध

डॉक्टरही हेच म्हणाले. रिकामी पाकिटं मात्र बाबांनी अजून खणात जपून ठेवलीत.